वेव्हरचं पत्र: पोराची पॉलिसी युनिव्हर्सिटीच्या नियमात बसते हे कसं दाखवायचं

प्रश्न: सर, आम्ही साताऱ्याचे. मुलगा एम.एस.ला अमेरिकेत गेलाय, एफ-1 व्हिसावर. जाताना इथूनच 5 लाख डॉलरची स्टुडंट पॉलिसी काढून दिली होती. तरी युनिव्हर्सिटीने बिलात त्यांच्या इन्शुरन्सचे 2,800 डॉलर लावलेत. आमची पॉलिसी आहे, तुमचा इन्शुरन्स माफ करा असा वेव्हरचा फॉर्म भरला तर नामंजूर, कव्हरेज नियमात बसत नाही म्हणे. अपील करायचं असेल तर पत्र आणि कागद पाठवा म्हणतात. पत्रात काय लिहू?

उत्तर:

आधी एक सांगतो, पत्र तुम्ही लिहू नका. मुलाला लिहू द्या, त्याच्या युनिव्हर्सिटीच्या ईमेलवरून, त्याच्या सहीने. तिकडे 1974 पासून फर्पा नावाचा कायदा आहे, कॉलेजातल्या पोराच्या नोंदींबद्दल त्याच्या लेखी संमतीशिवाय ते सहसा आईबापांशी पण बोलत नाहीत, त्यामुळे साताऱ्याहून वडिलांचा मेल गेला की "विद्यार्थ्याने संपर्क करावा" एवढंच उत्तर येतं आणि त्यात आठवडा जातो. तुम्ही मागे बसून कागद जुळवायचे, खरं काम तेच आहे.

आता रिजेक्शनचा मेल परत एकदा शांतपणे वाचा. "नियमात बसत नाही" हे वरचं वाक्य झालं, खाली किंवा पोर्टलवर लॉगिन केल्यावर बहुतेक वेळा नेमकं कारण लिहिलेलं असतं, कव्हरेजच्या तारखा, प्री-एक्झिस्टिंग म्हणजे आधीपासूनचे आजार, मेंटल हेल्थ, अमेरिकेत क्लेम ऑफिस नाही, असं काहीतरी. त्याच मेलमध्ये अपीलची शेवटची तारीखही असते, ती आधी कॅलेंडरवर टाका. कारण कुठेच दिसत नसेल तर मुलाने दोन ओळींचा मेल टाकून विचारायचं की कोणकोणत्या मुद्द्यांवर नामंजूर झालं. कारण माहीत नसताना पत्र लिहिलं की माणूस सगळ्याच गोष्टींवर लिहित बसतो.

मग त्यांच्या वेबसाइटवरचं वेव्हरच्या अटींचं पान उघडा आणि सर्च मारा, `unlimited` आणि `annual maximum`. नियमात जर लिहिलं असेल की वार्षिक किंवा आयुष्यभराची कमाल मर्यादा नसलेलाच प्लॅन चालेल, किंवा एसीएच्या म्हणजे तिकडच्या 2010 च्या आरोग्य विमा कायद्याच्या निकषात बसणारा प्लॅनच चालेल, तर तुमची 5 लाख डॉलरची पॉलिसी कितीही चांगली असली तरी तिला 5 लाखांची मर्यादा आहे, विषय संपला. पत्र लिहू नका, 2,800 भरा आणि आपली पॉलिसी रद्द करून काही परत मिळतंय का ते कॅन्सलेशनच्या क्लॉजमध्ये बघा. हे ऐकायला कडू वाटतं पण बरेच जण इथेच महिनाभर भांडत बसतात, आणि वर लेट फी लागते.

नियमात आकडा दिलेला असेल, म्हणजे किमान अमुक डॉलरचं कव्हर, डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधली आपल्या खिशातून आधी भरायची रक्कम, तमुकपेक्षा जास्त नको, तर मात्र जागा आहे. एफ-1 साठी अमेरिकन सरकारची इन्शुरन्सची अट नाहीये, अट आहे ती युनिव्हर्सिटीची स्वतःची, म्हणून एका कॉलेजात चाललेली पॉलिसी शेजारच्या कॉलेजात चालत नाही आणि "माझ्या मित्राची चालली" हा मुद्दा पत्रात शून्य किंमतीचा आहे. जे-1 म्हणजे एक्सचेंज व्हिसावाल्यांचं वेगळं, त्यांना सरकारनेच किमान आकडे घालून दिलेत, प्रत्येक आजार किंवा अपघाताला 1,00,000 डॉलर, मृतदेह मायदेशी आणायला 25,000, उपचारासाठी हलवायला 50,000 आणि डिडक्टिबल एका आजाराला 500 च्या वर नको, शिवाय विमा कंपनीच्या रेटिंगची अट. तुमचा मुलगा एफ-1 आहे त्यामुळे हे आकडे पत्रात टाकून "आम्ही सरकारी नियम पाळतो" असं लिहू नका, वाचणारा म्हणेल याला आपला नियमच माहीत नाही. (ऑस्ट्रेलिया आणि यूकेवाल्यांनी हे सगळं वाचायची गरज नाही, तिथे ओएसएचसी नावाचा विद्यार्थी विमा आणि हेल्थ सरचार्ज व्हिसालाच बांधलेले असतात, आपल्या पोरांना घरची पॉलिसी दाखवून त्यातून सुटता येत नाही.)

हे पत्र वाचणारा कोण असतो हे पण लक्षात घ्या. बहुतेक वेळा तो डीन किंवा प्रोफेसर नसतो, इन्शुरन्स ऑफिसचा किंवा त्यांनी नेमलेल्या बाहेरच्या एजन्सीचा माणूस असतो, त्याच्यासमोर चेकलिस्ट असते आणि अशी शेकडो पत्रं. त्याला दया यायला नकोय, त्याला प्रत्येक रकान्यासमोर पान नंबर पाहिजे. आपल्याकडची पत्रं "आमची आर्थिक परिस्थिती, वडील निवृत्त, शेतीचं नुकसान, एज्युकेशन लोन" अशी सुरू होतात, त्या रकान्यात हे कुठेच बसत नाही.

आता एक केस सांगतो म्हणजे कळेल. सांगलीतलीच मुलगी, कॉम्प्युटरवाली, 2025 च्या ऑगस्टमध्ये गेली. पॉलिसी चांगली होती, 5 लाख डॉलर, डिडक्टिबल 100, वरचा प्लॅन घेतला होता आणि प्री-एक्झिस्टिंगसाठी जादा कव्हर देणारा रायडर पण घेतला होता कारण तिला थायरॉईड आहे. युनिव्हर्सिटीची अट होती 15 ऑगस्ट 2025 ते 14 ऑगस्ट 2026 सलग कव्हर, किमान 5 लाख, डिडक्टिबल 500 पर्यंत, प्री-एक्झिस्टिंग वगळलेलं नको, मेंटल हेल्थ इतर आजारांसारखंच कव्हर पाहिजे, दवाखान्यात ॲडमिट होऊन आणि न होता दोन्ही, कॅम्पसजवळ साध्या आजारालाही उपचार मिळाले पाहिजेत, आणि अमेरिकेत क्लेमचा पत्ता-फोन. कागदावर बसत होतं तरी नामंजूर. कारणं तीन लिहिलेली, तारखा, प्री-एक्झिस्टिंग, मेंटल हेल्थ.

तारखांचं कारण वाचून तिचे वडील चिडलेच, पॉलिसी तर 10 ऑगस्टपासून होती. सर्टिफिकेट बघितलं तर छापलेलं 10/08/2025 ते 09/08/2026. आपण वाचतो 10 ऑगस्ट, अमेरिकन माणूस आधी महिना वाचतो, त्याला ते दिसलं 8 ऑक्टोबर 2025 ते 8 सप्टेंबर 2026. म्हणजे त्याच्या हिशोबाने सेमिस्टर सुरू झाल्यावर जवळजवळ दोन महिने पोरीला कव्हरच नव्हतं, त्याने नामंजूर केलं त्यात त्याचं काय चुकलं? आणि नीट वाचलं तरी शेवटचे पाच दिवस, 10 ते 14 ऑगस्ट 2026, खरोखरच उघडे होते, ते वडिलांच्या लक्षात आलं नव्हतं. तुमच्या मुलाच्या सर्टिफिकेटवर हेच आधी बघा. तारीख 12 किंवा त्याच्या आतली असेल तर हमखास उलटी वाचली जाते. तसंच रक्कम, आपल्याकडे USD 5,00,000 असा स्वल्पविराम छापतात, तिकडे 500,000. पत्रात नेहमी महिना अक्षरात लिहायचा आणि रक्कम तिकडच्या पद्धतीने.

प्री-एक्झिस्टिंगचं असं झालं की पॉलिसी वर्डिंगच्या छापील पुस्तिकेत सर्वसाधारण अपवादांच्या यादीत "आधीपासूनचे आजार वगळले आहेत" हे वाक्य होतंच, सगळ्यांच्या पुस्तिकेत ते असतं. तिचा रायडर होता शेड्यूलच्या शेवटच्या पानावर, एका ओळीत, कोडनेमसारखा. तपासणाऱ्याने पुस्तिका उघडली, अपवाद दिसला, टिक मारली. मेंटल हेल्थचं उलटं, फायद्यांच्या तक्त्यात ते नव्हतंच, आतल्या क्लॉजमध्ये होतं, सब-लिमिट म्हणजे त्या उपचारापुरती वेगळी मर्यादा न लावता. तक्त्यात नाही म्हणजे नाही, असंच वाचणारा धरणार.

इथे काही लोक काय करतात, पत्रातच लांबलचक समजावतात की आमच्या पॉलिसीचा अर्थ असा होतो. नाही चालत. पॉलिसीचा अर्थ सांगायचा अधिकार विद्यार्थ्याला नाही, एजंटलाही नाही, मी इतकी वर्षं विश्रामबागेत हेच काम करतोय तरी माझ्या लेटरहेडची तिथे काडीची किंमत नाही. कंपनीच्या हेड ऑफिसच्या अंडररायटिंग किंवा ट्रॅव्हल डिपार्टमेंटकडून, लेटरहेडवर, नाव-हुद्दा-सहीसकट कन्फर्मेशन लेटर पाहिजे. ते मागताना "वेव्हरसाठी लेटर द्या" एवढंच सांगितलं तर एक ठरीव मजकूर येतो, "सदर व्यक्ती आमची पॉलिसीधारक आहे", त्याचा उपयोग नाही. युनिव्हर्सिटीच्या अटींची यादी जशीच्या तशी मेलमध्ये टाकायची आणि प्रत्येक अटीसमोर हो की नाही आणि कुठला क्लॉज, एवढं मागायचं. त्या मुलीच्या बाबतीत कंपनीने दोन गोष्टी दिल्या, एक एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचा कागद, ज्यात मुदत 14 ऑगस्ट 2026 पर्यंत वाढवली (थोडा जादा प्रीमियम लागला), आणि एक लेटर ज्यात स्पष्ट होतं की रायडर असल्यामुळे पुस्तिकेतला तो अपवाद या पॉलिसीला लागू नाही आणि मेंटल हेल्थला वेगळी सब-लिमिट नाही.

आणि कंपनीने लिहून द्यायला नकार दिला, किंवा लिहून दिलं की प्री-एक्झिस्टिंग फक्त जिवावर बेतलेल्या वेळीच कव्हर आहे, तर ते उत्तर समजायचं. इथून निघालेल्या बऱ्याच साध्या स्टुडंट पॉलिसीत तसंच असतं. मग ती अट पूर्ण होत नाही आणि कुठल्याही भाषेतलं पत्र ती पूर्ण करू शकत नाही. फॉर्मवर "हो" टिक करून पुढे रेटायचा सल्ला काही मित्र देतात, तो ऐकू नका, मंजूर झालेले वेव्हर पण नंतर तपासायला काढतात आणि मधेच बिल लावतात, शिवाय खोटी माहिती दिल्याची नोंद पोराच्या नावावर.

कागद हातात आल्यावर पत्र एका पानात बसतं. जाणार अर्थातच इंग्रजीत, पण साचा कळावा म्हणून त्या मुलीचं पत्र मराठीत लिहितो:

"विषय: वेव्हर अपील, फॉल 2025, स्टुडंट आयडी अमुक.

माझा वेव्हरचा अर्ज 2 सप्टेंबर 2025 रोजी तीन कारणांनी नामंजूर झाला: कव्हरेजच्या तारखा, आधीपासूनचे आजार आणि मानसिक आरोग्य. माझी सध्याची पॉलिसी तुमच्या प्रकाशित अटींमध्ये बसते असं दाखवणारी कागदपत्रं सोबत जोडते आहे आणि फेरविचाराची विनंती करते.

तारखा. सर्टिफिकेटवर तारीख आधी दिवस, मग महिना अशी छापलेली आहे. पॉलिसी 10 ऑगस्ट 2025 रोजी सुरू झाली. जोडपत्र 2 मधील एंडोर्समेंटनुसार ती 14 ऑगस्ट 2026 पर्यंत सलग लागू आहे. तुमची अट 15 ऑगस्ट 2025 ते 14 ऑगस्ट 2026 अशी आहे.

आधीपासूनचे आजार. जोडपत्र 3, वर्डिंगच्या पान 22 वरचा अपवाद माझ्या पॉलिसीला लागू नाही, कारण जोडपत्र 1 च्या पान 4 वर रायडर आहे. विमा कंपनीने हे जोडपत्र 4, परिच्छेद 2 मध्ये लेखी दिलं आहे.

मानसिक आरोग्य. जोडपत्र 3, पान 14. ॲडमिट होऊन आणि बाह्यरुग्ण म्हणून, दोन्ही उपचार इतर आजारांप्रमाणेच, वेगळी मर्यादा नाही. जोडपत्र 4, परिच्छेद 3.

उरलेल्या अटी: कमाल रक्कम 500,000 अमेरिकन डॉलर (जोडपत्र 1, पान 1), डिडक्टिबल 100 डॉलर (पान 2), साध्या आजारांवर बाह्यरुग्ण उपचार (पान 2), अमेरिकेतील क्लेम ॲडमिनिस्ट्रेटरचा पत्ता आणि फोन (जोडपत्र 5, कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत).

आणखी कोणता कागद लागत असेल तर कृपया कळवा. निर्णय होईपर्यंत इन्शुरन्सच्या रकमेवर लेट फी लावू नये अशी विनंती."

बस, एवढंच. नियमांबद्दल मत नाही, कॉलेजचं कौतुक नाही. ज्या तीन कारणांनी नाकारलं ती पहिली, त्यांच्याच क्रमाने आणि त्यांच्याच शब्दांत, बाकीच्या अटी एका परिच्छेदात, कारण फेरविचार करणारा माणूस कधीकधी चेकलिस्ट पहिल्यापासून परत तपासतो. आपले इथले विम्याचे शब्द पण तिथे अडखळवतात, आपण सम इन्शुअर्ड, टीपीए, कॅशलेस म्हणतो, तिकडे पॉलिसी मॅक्सिमम, क्लेम्स ॲडमिनिस्ट्रेटर, डायरेक्ट बिलिंग लिहा.

जोडपत्रं सगळी एका पीडीएफमध्ये, वर नंबर टाकून, आणि पत्रात सांगितलेल्या ओळीवर पिवळा हायलाइट. सत्तर पानांची पुस्तिका नुसती जोडली की ती कोणी उघडत नाही. आणि घरची फ्लोटर मेडिक्लेम, वडिलांच्या ऑफिसचं मेडिकल, हे अजिबात जोडू नका. सहसा त्यांचे उपचार भारतातलेच धरतात, तिकडे उपयोग नाही, उलट वाचणारा गोंधळतो की नेमकी पॉलिसी कुठली. एकाने तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कार्ड स्कॅन करून जोडलं होतं, काय बोलणार. तसंच आपल्याकडचा 2017 चा मानसिक आरोग्य कायदा विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायला सांगतो, हे खरं आहे, पण पत्रात त्याचा दाखला नको, समोरच्याला पॉलिसीतलं पान पाहिजे, भारतातला कायदा नाही.

पाठवायच्या आधी दोन गोष्टी तपासा, यात चांगली प्रकरणं अडकलेली बघितलीत. पहिली नावाची. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये बऱ्याचदा पोराचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळं. युनिव्हर्सिटीच्या रेकॉर्डला ते तसंच जातं. एजंटने पॉलिसी काढताना मात्र वडिलांचं नाव गाळलं किंवा मधल्या रकान्यात टाकलं की दोन कागदांवर दोन माणसं दिसतात. फरक असेल तर कंपनीकडून नावाचं एंडोर्समेंट करून घ्या, ते किरकोळ काम आहे. दुसरी फोनची. तपासणारे बऱ्याचदा कार्डावरच्या अमेरिकेतल्या नंबरवर फोन करून पॉलिसी चालू आहे का विचारतात. मुलाने स्वतः आधी त्या नंबरवर, तिथल्या ऑफिसच्या वेळेत, फोन लावून बघावा, पॉलिसी नंबर सांगावा आणि समोरचा "ॲक्टिव्ह आहे, या तारखेपासून या तारखेपर्यंत" असं सांगतोय का ते ऐकावं. त्यांच्या सिस्टीममध्ये नावच सापडलं नाही, म्हणजे भारतातून डेटा पोचलेला नाही, तर तो दुरुस्त होईपर्यंत पत्र पाठवून फायदा नाही. मात्र अपीलची तारीख उंबऱ्यावर आली असेल तर पत्र पाठवून टाका आणि त्यात लिहा की कंपनीचं कन्फर्मेशन लेटर अमुक तारखेपर्यंत पाठवतो, तारीख उलटून गेल्यावर पूर्ण फाइल पाठवण्यापेक्षा वेळेत अर्धी गेलेली बरी.

या सगळ्यात बिलाचं विसरू नका. अपील चालू आहे म्हणून पैसे थांबवले तर काही ठिकाणी रजिस्ट्रेशनवर होल्ड बसतो आणि पुढच्या सेमिस्टरचे विषय निवडता येत नाहीत. मुलाने बर्सरच्या ऑफिसला, म्हणजे फी घेणाऱ्यांना, वेगळं विचारायचं की फक्त इन्शुरन्सची रक्कम बाजूला ठेवून बाकी फी भरली तर चालेल का. हो म्हणाले तर त्यांचा मेल जपून ठेवा. नाही म्हणाले तर भरून टाका, वेव्हर मंजूर झाला की ती रक्कम सहसा खात्यावर जमा दाखवतात, तसं होतं का हेही त्याच मेलमध्ये विचारून घ्या.

त्या मुलीचा वेव्हर मंजूर झाला, पण फक्त त्या वर्षापुरता. तुमच्या मुलाचाही तसाच असेल, काही ठिकाणी तर दर सेमिस्टरला परत भरावा लागतो, म्हणून पॉलिसी रिन्यू करताना तारीख युनिव्हर्सिटीच्या वर्षाला जुळवून घ्या आणि कंपनीकडून ते कन्फर्मेशन लेटर रिन्यूअलबरोबरच नव्या तारखेचं मागून ठेवा. मुलाचा रिजेक्शनचा मेल आणि अटींच्या पानाची लिंक असेल तर त्यातलं नाव-नंबर खोडून इथे टाका, कुठल्या अटीवर अडलंय ते बघून सांगतो.